एका चार्जरवर लॅपटॉप आणि फोन: वॅटचा हिशेब आणि केबलची पारख

चार्जरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, लॅपटॉपच्या मूळ चार्जरवरही ६५ वॅटच असतं, त्यामुळे जोडी जमली असं वाटतं. मग त्याच चार्जरच्या दुसऱ्या तोंडाला फोन लावला जातो आणि तक्रारी सुरू होतात. लॅपटॉप रात्रीपर्यंत भरत नाही, नाहीतर चार्जर लावलेला असतानाही टक्के उतरत जातात. फोनवरचा ‘जलद चार्जिंग’ हा शब्द कधी दिसतो, कधी गायब होतो. यात बहुतेक वेळा चार्जर खराब नसतो आणि लॅपटॉपही नसतो. खोक्यावरचा आकडा एका पोर्टचा असतो, तोही ते पोर्ट एकटं चालू असताना.

लॅपटॉपपर्यंत प्रत्यक्ष किती वॅट पोचणार हे चार गोष्टींवर ठरतं: त्या क्षणी त्या पोर्टच्या वाट्याला किती आले, त्या वाट्यात कोणता व्होल्टेज मिळतो, केबल किती अँपिअरची आहे, आणि उपकरण स्वतः किती मागतं. या चारांतला सर्वांत लहान आकडा खरा. बाकीचे तीन कितीही मोठे असले तरी त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून नवा चार्जर किंवा केबल घेण्याआधी हे चार आकडे शोधून काढावेत. त्यासाठी पुढे एकच जोडी शेवटपर्यंत धरली आहे: ६५ वॅटचा, दोन टाइप-सी आणि एक टाइप-ए पोर्ट असलेला चार्जर, मूळ ६५ वॅटचा चार्जर असलेला, टाइप-सीवर भरणारा लॅपटॉप, आणि २५ वॅटपर्यंत घेणारा फोन.

पहिली पायरी: लॅपटॉप आणि फोनची भूक

लॅपटॉपच्या मूळ चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ अशी ओळ असते. तिच्यात व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. आपल्या लॅपटॉपच्या चार्जरवर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असं असेल, म्हणजे ६५ वॅट. हा आकडा लॅपटॉपची कमाल मागणी सांगतो. एरवी तो बराच कमी घेतो. लिहिणं-वाचणं, ब्राउझर, मेल एवढंच चालू असेल तर साधारण पातळ लॅपटॉपचं काम दहा-पंधरा वॅटमध्ये भागतं आणि उरलेली सगळी वीज बॅटरीत जाते. व्हिडिओ संपादन किंवा खेळ सुरू केला की तोच लॅपटॉप नुसता चालण्यासाठी पन्नास वॅट घेऊ शकतो.

फोनच्या बाबतीत नुसते वॅट पाहून भागत नाही, फोनला कोणती पद्धत समजते हेही बघावं लागतं. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही सगळ्यांसाठी खुली असलेली पद्धत आहे. तिच्यात ५, ९, १५ आणि २० व्होल्ट असे ठरलेले टप्पे असतात. पीपीएस हा तिचाच पुढचा भाग. त्यात फोन चार्जरला व्होल्टेज अगदी बारीक पावलांनी, २० मिलिव्होल्टच्या फरकाने, कमी-जास्त करायला सांगतो. त्यामुळे व्होल्टेज बदलण्याचं काम फोनच्या आत कमी होतं आणि फोन कमी तापतो. काही फोन आपला सर्वांत जलद वेग फक्त पीपीएसवरच देतात. आणि काही कंपन्यांचे ६५, ८० किंवा १०० वॅटचे फोन आपल्याच खास पद्धतीने, आपल्याच चार्जरवर आणि आपल्याच केबलवर तेवढे वॅट घेतात. अशा फोनला पीडी चार्जर लावला की तो बराच खाली उतरून भरतो. हा दोष नव्हे, ती दोन वेगळ्या पद्धतींमधली तडजोड आहे. अशा फोनसाठी सामायिक चार्जरवर जास्त वॅट राखून ठेवण्यात अर्थ नाही.

मोठ्या चार्जरला छोटा फोन लावला तर फोन जळेल ही भीती मात्र सोडून द्यावी. किती वीज ओढायची हे उपकरण ठरवतं. चार्जर फक्त आपल्याकडे काय-काय आहे त्याची यादी सांगतो आणि फोन त्यातलं आपल्याला झेपेल ते निवडतो. तो निवड करेपर्यंत तारेवर ५ व्होल्टच असतात.

दुसरी पायरी: चार्जरच्या पोटावरची वाटणी

सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते, म्हणून इथे थांबून नीट वाचावं. भिंग लागलं तर घ्यावं, नाहीतर फोनने फोटो काढून मोठा करावा. आपल्या चार्जरवर साधारण असं छापलेलं असेल:

```
C1:      5V/3A  9V/3A  15V/3A  20V/3.25A   65W
C2:      5V/3A  9V/3A  15V/3A  20V/3.25A   65W
C1+C2:   45W + 20W
C1+A:    45W + 18W
C2+A:    5V/3A   15W
C1+C2+A: 45W + 15W
PPS:     3.3-11V/3A
```

पहिल्या दोन ओळींमुळे चार्जर १३० वॅटचा वाटतो. पण त्या ओळी ‘हे पोर्ट एकटं असताना’ अशा वाचायच्या. दोन्ही सी पोर्ट वापरात आले की तिसरी ओळ लागू होते: एकाला ४५, दुसऱ्याला २०. म्हणजे फोन लावताक्षणी लॅपटॉपचा वाटा ६५ वरून ४५ वर येतो. फोनला प्रत्यक्षात पाचच वॅट लागत असले तरी.

बऱ्याच चार्जरमध्ये ही वाटणी पक्की ठरलेली असते. फोन शंभर टक्के भरून नुसता टेकून बसला असेल तरी त्याचे वीस वॅट राखून ठेवलेले राहतात आणि लॅपटॉप पंचेचाळीसवरच अडकतो. काही चार्जर थोड्या-थोड्या वेळाने मागणी तपासून वाटा बदलतात, पण खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर वाटणी पक्की आहे असंच धरून चालावं. फोन भरला की त्याची केबल फोनमधून काढायची. सी टोकांच्या केबलचं दुसरं टोक चार्जरमध्ये राहिलं तरी चालतं, कारण समोर उपकरण नसलं की चार्जर ते पोर्ट रिकामं समजतो.

आता ‘C2+A’ ही ओळ बघा. दोन पोर्ट मिळून फक्त १५ वॅट, तेही ५ व्होल्टवर. पुष्कळ तीन पोर्टच्या चार्जरमध्ये खालची दोन तोंडं आतून एकाच भागावर असतात. दोन्ही वापरली की तिथे पीडीचे वरचे टप्पेच बंद होतात, आणि फोनचा जलद वेगही त्यांच्याबरोबर जातो. त्यामुळे लॅपटॉप, फोन आणि वर इअरफोनची डबी असं तिन्ही एकदम लावलं की फोन रात्रभर रांगतो. डबी फोन भरल्यावर लावली तर दोन्ही कामं कमी वेळात होतात.

पोर्टांची नावंही तपासावीत. काही चार्जरमध्ये ‘सी-१’ ला मोठा वाटा मिळतो, काहींत दोघांना सारखा, म्हणजे ३०-३० वॅट. ३०-३० वाला चार्जर लॅपटॉप-फोन या जोडीसाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनला त्यातले पाच-दहा वॅट वाया जातात आणि लॅपटॉपला तेच कमी पडतात.

तिसरी पायरी: वॅट जुळले तरी व्होल्ट जुळतात का

४५ वॅट दोन प्रकारे होतात: १५ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, किंवा २० व्होल्ट गुणिले २.२५ अँपिअर. पीडीच्या नियमानुसार ४५ वॅटपर्यंतच्या पोर्टने २० व्होल्ट देणं बंधनकारक नाही; त्याच्या वर गेलं की बंधनकारक आहे. म्हणून एखादा चार्जर वाटणी झाल्यावर लॅपटॉपच्या पोर्टला १५ व्होल्टवर आणून थांबवू शकतो. काही लॅपटॉप १५ व्होल्टही आनंदाने घेतात. काहींना २० च लागतात. अशा लॅपटॉपमध्ये फोन लावला की चार्जिंग कमी न होता पूर्ण बंदच पडतं.

लक्षण ओळखायला सोपं आहे. एकटा लॅपटॉप लावला तर भरतो, फोन लावला की चार्जिंगचं चिन्ह जातं आणि परत येत नाही, फोन काढला की येतं. असं झालं तर केबल बदलण्यात वेळ घालवू नका. वाटणीनंतरही २० व्होल्ट देणारा, म्हणजे लॅपटॉपच्या पोर्टला निदान ६० किंवा ६५ वॅट राखणारा चार्जर बघावा लागेल.

याच्या उलट, फोन लावताना लॅपटॉपचं चार्जिंग एक-दोन सेकंद जाऊन परत येणं हे स्वाभाविक आहे. नवं उपकरण आलं की बहुतेक चार्जर सगळी पोर्टं क्षणभर सोडतो आणि वाटाघाटी पहिल्यापासून करतो. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे त्याला काही होत नाही. पडदा किंचित मंद होऊन पुन्हा उजळतो इतकंच. पण त्याच चार्जरवर बॅटरी नसलेलं काही चालवत असाल, एखादा छोटा संगणक किंवा राउटर, तर ते प्रत्येक वेळी बंद पडून पुन्हा सुरू होईल. तसली उपकरणं या चार्जरवर ठेवूच नयेत.

चौथी पायरी: केबल

टाइप-सीची दोन्ही टोकं सारखी दिसतात, आतल्या तारा मात्र सारख्या नसतात. वीज वाहून नेण्याच्या दृष्टीने सी ते सी केबलचे दोन वर्ग लक्षात ठेवले की पुरे: ३ अँपिअरची आणि ५ अँपिअरची.

३ अँपिअरची केबल २० व्होल्टवर ६० वॅट नेते. त्याहून जास्त हवं तर केबलच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची चिमुकली चिप लागते. चार्जर वीज सोडण्याआधी त्या चिपला विचारतो. ‘५ अँपिअर’ असं उत्तर आलं तरच तो ३ अँपिअरच्या पुढचं काही देऊ करतो. चिप नसली की उत्तर येत नाही, आणि चार्जर मुकाट्याने ३ अँपिअरवर थांबतो. पडद्यावर कसलीच सूचना नसते, त्यामुळे हे कळतही नाही.

५ अँपिअरच्या जुन्या केबलवर १०० वॅट लिहिलेलं असतं. २०२१ साली पीडीची ३.१ ही आवृत्ती आली, तिच्यात २८, ३६ आणि ४८ व्होल्टचे टप्पे वाढले आणि मर्यादा २४० वॅटवर गेली. तेव्हापासून नव्या प्रमाणित ५ अँपिअर केबलवर २४० वॅटचं चिन्ह असतं. आपल्या ६५ वॅटच्या कामाला १०० आणि २४० दोन्ही सारख्याच, कारण दोन्ही ५ अँपिअरच्याच आहेत.

आता आपल्या जोडीचा हिशेब लावू. लॅपटॉप एकटा असताना चार्जर २० व्होल्टवर ३.२५ अँपिअर देऊ शकतो. हे ३ अँपिअरच्या वर असल्याने साध्या केबलवर ६० वॅटच मिळतील आणि ई-मार्करवाल्या केबलवर ६५. फरक पाच वॅटचा. फोन लावला की लॅपटॉपचा वाटा ४५, म्हणजे २.२५ अँपिअर. इथे चांगली ३ अँपिअरची केबलही पुरून उरते आणि महागडी २४० वॅटची केबल घेऊन एक वॅटही वाढत नाही. या चार्जरवर कमी पडतं ती केबल नव्हे, वाटणी. मात्र लॅपटॉप १०० वॅटचा आणि चार्जर त्याच्या पोर्टला १०० देणारा असेल, तर चुकीची केबल थेट चाळीस वॅट खाते. तिथे केबलकडे आधी बघायचं. पैसे कशावर खर्च करायचे हे असं हिशेबाने ठरवावं.

अँपिअरच्या वर्गानंतर येते तारेची जाडी आणि लांबी. तांब्याची तार जितकी बारीक आणि लांब तितका तिचा रोध जास्त, आणि रोधात गेलेली वीज उष्णता होऊन जाते. तारेची जाडी ‘एडब्ल्यूजी’ या मापात सांगतात. आकडा लहान तितकी तार जाड. २८ क्रमांकाच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो, २२ क्रमांकाचा सुमारे ०.०५. वीज जाते आणि परत येते, म्हणून लांबी दुप्पट धरायची. दोन मीटरच्या केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा २८ च्या असतील तर रोध ०.८५ ओहमच्या आसपास जातो आणि ३ अँपिअरला अडीच व्होल्ट वाटेतच गळतात. टाइप-सीच्या मानकानुसार केबलमध्ये जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा मिळून पाऊण व्होल्टपेक्षा जास्त गळती होऊ नये. म्हणजे अशी केबल मुळात मानकात बसतच नाही, तरी ती दिसायला जाड आणि वेणीदार असू शकते. बाहेरच्या कापडी वेणीवरून आतल्या तांब्याचा अंदाज बांधू नये.

सुमार केबलचा फटका फोन आणि लॅपटॉपला सारखा बसत नाही. समजा केबलचा एकूण रोध ०.४ ओहम आहे. लॅपटॉप २० व्होल्टवर २.२५ अँपिअर घेत असताना ०.९ व्होल्ट गळतील आणि सुमारे २ वॅट वाया जातील, म्हणजे साडेचार टक्के. फोन ९ व्होल्टवर २.२ अँपिअर घेत असेल तर वाया जाणारे वॅट जवळपास तितकेच, पण वीस वॅटमधले ते दहा टक्के झाले. आणि तोच फोन ५ व्होल्टवर ३ अँपिअर मागू लागला तर १.२ व्होल्ट गळून त्याच्या तोंडाशी ३.८ च उरतील. एवढ्याने बॅटरी भरता येत नाही, म्हणून फोन आपली मागणी कमी करत जातो आणि रांगायला लागतो. व्होल्टेज जितका कमी, तितकी बारीक तार जास्त नडते. म्हणून लॅपटॉपला ई-मार्करवाली केबल द्यावी, आणि फोनची केबल मीटरभराच्या आत, जाड तांब्याची ठेवावी. अनेकजण मात्र चांगली केबल लॅपटॉपला देऊन फोनला ड्रॉवरमधली कुठलीही लावतात.

टाइप-ए ते सी केबलवर पीडी चालत नाही. त्यामुळे लॅपटॉप त्या केबलने भरायचा प्रयत्नच करू नये. अशा केबलमध्ये एक छोटा रोधक असतो, तो ५६ किलोओहमचा असायला हवा. काही स्वस्त केबलमध्ये तो १० किलोओहमचा घातलेला असे, आणि त्यामुळे फोनचा समज व्हायचा की समोरचं पोर्ट ३ अँपिअर देऊ शकतं. मग तो जुन्या पोर्टातूनही तेवढे ओढायला जायचा. गूगलमधले अभियंते बेन्सन लूंग यांनी २०१५ पासून अशा केबल एकेक तपासून जाहीरपणे लिहायला सुरुवात केली. पुढे उलट्या तारा जोडलेल्या एका केबलने त्यांचा स्वतःचा लॅपटॉपच निकामी झाला. ही सगळी खटपट त्यांनी केली म्हणून बाजारातल्या केबलकडे लोक चौकसपणे पाहू लागले, आणि त्याबद्दल मला खरोखर आदर आहे.

सी केबलला जोडून लांबी वाढवणारी एक्स्टेन्शन आणि चुंबकाने चिकटणारी टोकं यांपासूनही दूर राहावं. टाइप-सीच्या मानकात एक्स्टेन्शनला जागा नाही. ई-मार्कर आपल्या केबलबद्दल खरं सांगतो, पण मध्ये घातलेल्या तुकड्याबद्दल त्याला काहीच माहीत नसतं. चार्जर ५ अँपिअर सोडतो आणि ते मधला सांधा तापवतात.

पाचवी पायरी: मोजून बघा

अंदाजावर राहू नये, कारण मोजणं फार अवघड नाही. मोजताना बॅटरी वीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असू द्या. ऐंशीच्या पुढे बॅटरी स्वतःच वेग कमी करते आणि मग चांगली केबलही सुमार वाटते.

विंडोजवर पॉवरशेल उघडून हे चालवा:

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus |
  Select-Object Charging, ChargeRate, DischargeRate
```

`ChargeRate` हा आकडा मिलिवॅटमध्ये असतो, म्हणजे 30000 दिसले तर ३० वॅट. मॅकवर टर्मिनलमध्ये

```
system_profiler SPPowerDataType
```

चालवलं की चार्जरच्या माहितीत `Wattage (W)` ही ओळ येते. हे दोन आकडे एकच गोष्ट सांगत नाहीत. विंडोजचा आकडा बॅटरीत किती जातं ते सांगतो, लॅपटॉप चालवायला लागलेली वीज त्यात नसते. मॅकचा आकडा चार्जरशी किती वॅटचा करार झाला ते सांगतो, त्यातले किती ओढले जातात ते नाही.

मोजणी या क्रमाने करा. लॅपटॉप एकटा लावा, मिनिटभर थांबा, आकडा लिहा. मग फोन लावा, पुन्हा मिनिटभर थांबून आकडा लिहा. मग लॅपटॉपची केबल बदला आणि दोन्ही परत. आपल्या जोडीत, हलकं काम चालू असताना, चित्र साधारण असं दिसेल: एकटा लॅपटॉप ६० वॅट घेत असेल आणि काम १२ वॅटचं असेल तर, थोडी तूट धरून, बॅटरीत ४५ च्या आसपास जातील. फोन लावल्यावर ४५ मधून १२ गेले, तूट गेली, बॅटरीत ३० राहतील. बॅटरी ५६ वॅट-तासांची असेल तर वीस ते ऐंशी टक्के म्हणजे ३३.६ वॅट-तास, त्याला एकट्याने पाऊण तास, फोनसोबत तासाहून थोडा जास्त. बैठं काम असेल तर एवढ्या फरकासाठी नवा चार्जर घ्यायची गरज नाही.

पण व्हिडिओ संपादन सुरू झालं आणि लॅपटॉप ५३ वॅट खायला लागला, की ४५ मध्ये आठ वॅटची तूट पडते. ती बॅटरीतून भरली जाते आणि `DischargeRate` मध्ये दिसते. चार्जर लावलेला असतानाही तीन तासांत २४ वॅट-तास, म्हणजे बॅटरीचे चाळीसेक टक्के जातात. काही लॅपटॉप त्याआधीच प्रोसेसरचा वेग आवरतात, मग बॅटरी टिकते पण काम रेंगाळतं. असं काम रोजचं असेल तर वाटणीनंतरही लॅपटॉपला ६५ राहतील असा, म्हणजे साधारण १०० वॅटचा, ‘६५ + ३०’ वाटणी छापलेला चार्जर घ्यावा. त्यासोबत लॅपटॉपला ई-मार्करवाली केबल लागेलच.

केबलचा रोध स्वतः काढायचा असेल तर केबलच्या मध्ये बसणारा, व्होल्ट-अँपिअर दाखवणारा छोटा यूएसबी-सी मीटर उपयोगी पडतो. तो पीडी जाऊ देणारा आणि ५ अँपिअर झेपणारा असावा. आधी चार्जरच्या तोंडाशी लावून वाचा, मग उपकरणाच्या तोंडाशी, दोन्ही वेळा काम आणि बॅटरी साधारण सारखी असू द्या. चार्जरपाशी २०.१ व्होल्ट, लॅपटॉपपाशी १९.६ व्होल्ट, आणि वाहणारे २.२ अँपिअर, तर अर्ध्या व्होल्टला २.२ ने भागून ०.२३ ओहम. ३ अँपिअरच्या केबलसाठी ०.२५ ओहमपर्यंतचा रोध मानकात बसतो, म्हणजे ही केबल ठीक आहे. ०.४ च्या वर गेली तर तिला फोन-लॅपटॉपच्या कामातून काढावी.

बिघाडाची चिन्हं

चार्जर तापतो, ते चालतं. एकाच वेळी दोन उपकरणं पूर्ण जोरात भरताना तो हाताला चांगलाच गरम लागतो. केबलचा प्लग मात्र चार्जरपेक्षा गरम लागता कामा नये. तसा लागला तर आतला सांधा किंवा पिना खराब आहेत. प्लगच्या आत उजेडात बघा. एखादी पिन काळपट किंवा तपकिरी झाली असेल तर ती केबल त्याच दिवशी टाकून द्या, कारण ती पुढच्या पोर्टच्या पिनाही खराब करते. प्लग पूर्ण आत न बसता किंचित बाहेर राहत असेल तर केबलला दोष देण्याआधी उपकरण बंद करून फोनच्या पोर्टमधला खिशातला धुरळा लाकडी काडीने हलकेच काढावा. धातूची पिन किंवा सुई वापरू नये.

चार्जिंग दर काही मिनिटांनी जातं-येतं असं होत असेल तर एक साधी तपासणी करा. हे जाणं-येणं चार्जर लावल्यावर पंधरा मिनिटांनंतरच सुरू होत असेल तर चार्जर तापून स्वतःला आवरतो आहे. तो उशी किंवा गादीवर असेल तर मोकळ्या जागी ठेवा. लगेचच, विशेषतः केबल हलली की होत असेल, तर केबल किंवा पोर्ट ढिलं आहे.

सगळं जुळूनही लॅपटॉप अपेक्षेपेक्षा दहा-पंधरा वॅट कमी घेत असेल, तर मध्ये यूएसबी-सी हब आहे का ते बघा. चार्जरची केबल हबमधून लॅपटॉपला जात असेल तर हब स्वतःसाठी आणि आपल्या पोर्टांसाठी काही वॅट राखून उरलेलेच लॅपटॉपला देऊ करतो. शंभर वॅटच्या चार्जरमागे हे जाणवत नाही. आपल्या जोडीत मात्र फोन लावल्यावर हबला मिळतात ४५, आणि लॅपटॉपच्या कानावर येतात तीस-पस्तीस. अशा वेळी चार्जरची केबल लॅपटॉपच्या दुसऱ्या सी पोर्टमध्ये थेट लावावी आणि हब फक्त माऊस, पडदा, पेनड्राइव्ह यांच्यासाठी ठेवावा. लॅपटॉपला सी पोर्ट एकच असेल, तर हबमधून चार्जिंग चालू असेपर्यंत फोनला वेगळा चार्जर द्यावा.